भोकाची प्लेट आणि उचलायची कडी: बेतोड्यातल्या एका झाकणाचा हिशेब

भाच्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होतो. "मामा, प्लेट बरोबर मधोमध धरली तरी कलते. येऊन बघणार का?" त्याची फॅब्रिकेशनची छोटी शेड फोंड्याजवळ बेतोडा औद्योगिक वसाहतीत आहे. शेडच्या मागे जमिनीत पावसाचे पाणी साठवायची टाकी आहे आणि तिच्यावर लोखंडी झाकण बसवायचे होते. पाऊस आठवड्यावर आला होता.

झाकण म्हणजे १२० सेंमी लांब, ८० सेंमी रुंद आणि १२ मिमी जाड अशी साधी एमएसची प्लेट. पंपाचा पाइप आणि केबल जाण्यासाठी, शिवाय वेळ पडल्यास पंप वर ओढून घेता यावा म्हणून तिच्यात ४० सेंमी व्यासाचे गोल भोक गॅस कटरने पाडले होते. पंप टाकीच्या एका कोपऱ्यात असल्यामुळे भोकही मधोमध नव्हते. प्लेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजले तर भोकाचा मध्य लांबीच्या बाजूने ९० सेंमीवर आणि रुंदीच्या बाजूने ४८ सेंमीवर होता.

टाकीवर पत्र्याचे छप्पर फार खाली आलेले आहे. चेन पुली गर्डरला टांगली की हूक आणि झाकण यांच्यात जेमतेम जागा उरते, त्यामुळे चार कोपऱ्यांना चार साखळ्या लावून उचलायची सोय नाही. म्हणून भाच्याने प्लेटवर एकच कडी वेल्ड केली होती, टेप लावून, दोन्ही कर्ण खडूने मारून, अगदी मधोमध. प्लेट वीतभर उचलली आणि भोक नसलेली बाजू खाली गेली. थोडीथोडकी नव्हे, पाहणाऱ्याला ती निम्मी उभी राहिल्यासारखी वाटत होती. अशी तिरकी प्लेट अँगलच्या चौकटीत उतरत नाही. एक कोपरा आधी टेकतो, दुसरा अडकतो आणि माणूस हात घालून ढकलायला जातो. तिथेच बोटे जातात.

शेडमध्ये पोचलो तेव्हा कापून काढलेली गोल चकती भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. पुढचा सगळा हिशेब मी त्या चकतीवरूनच समजावला, कारण या प्रश्नात मुले जिथे अडखळतात तिथे ती चकती नेमकी कामी येते. पुस्तकात लिहितात की भोकाचे वस्तुमान ऋण धरा. मुले तसे धरतात, उत्तरही येते, पण ऋण वजनाचे लोखंड कुणी पाहिलेले नसते, त्यामुळे चिन्ह कुठे लावायचे याचा भरवसा कधीच वाटत नाही.

खरे तर ऋण असे काही नाही. चकती भोकात परत ठेवली तर आपल्याला अखंड प्लेट मिळते आणि अखंड प्लेटचा गुरुत्वमध्य मधोमध असतो, याबद्दल कुणाला शंका नाही. आता डावी कड ही एक रेघ माना. कुठल्याही तुकड्याचे त्या रेघेभोवतीचे मोमेंट, पुस्तकी मराठीत आघूर्ण, म्हणजे त्याचे वजन गुणिले त्याच्या गुरुत्वमध्याचे रेघेपासूनचे अंतर. अखंड प्लेटचे मोमेंट हे भोकाच्या प्लेटचे मोमेंट अधिक चकतीचे मोमेंट एवढे असलेच पाहिजे, कारण दोन्ही मिळूनच ती प्लेट होते. या तिघांपैकी दोन आपल्याला ठाऊक आहेत. तिसरे वजाबाकीने मिळते. ते वजा चिन्ह एवढ्यापुरतेच असते: चकतीचे मोमेंट आपण बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले.

प्लेटची जाडी सगळीकडे सारखी आणि लोखंड एकाच जातीचे, म्हणून वजनाऐवजी क्षेत्रफळ घेतले तरी चालते. अखंड प्लेट १२० गुणिले ८०, म्हणजे ९६०० चौरस सेंमी. चकतीची त्रिज्या २० सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ १२५७ चौरस सेंमी. उरलेली प्लेट ८३४३. डाव्या कडेभोवती अखंड प्लेटचे मोमेंट ९६०० गुणिले ६०, म्हणजे ५,७६,०००. चकतीचे १२५७ गुणिले ९०, म्हणजे १,१३,१३०. उरले ४,६२,८७०. त्याला उरलेल्या ८३४३ ने भागले की ५५.४८ सेंमी. खालच्या कडेभोवती हेच केले: ३,८४,००० वजा ६०,३३६ म्हणजे ३,२३,६६४, भागिले ८३४३, उत्तर ३८.८ सेंमी.

म्हणजे गुरुत्वमध्य प्लेटच्या मध्यापासून डावीकडे सुमारे ४५ मिमी आणि खाली १२ मिमी सरकला होता. सरळ अंतर मोजले तर ४७ मिमीला किंचित कमी.

शेडमध्ये डिप्लोमा करणारा एक मुलगा सुटीत कामाला येतो. तो म्हणाला, "सर, मी पण काढलं होतं. माझं ४८.२ येतंय." वहीचे पान त्याने पुढे केले. मोमेंटची वजाबाकी अगदी बरोबर होती. शेवटी त्याने ४,६२,८७० ला ९६०० ने भागले होते. चकतीचे मोमेंट काढून टाकले, पण चकतीचे वजन मात्र प्लेटमध्येच ठेवले. ही चूक मी दरवर्षी डझनभर उत्तरपत्रिकांत पाहतो, आणि ती धोक्याची आहे, कारण सरकण्याची दिशा बरोबर येते. गुरुत्वमध्य भोकापासून दूर गेला, असेच त्या उत्तरातही दिसते. नुसत्या नजरेने ती पकडता येत नाही.

ती पकडायची एक खात्रीची रीत आहे. मी त्याला म्हटले, आता डाव्या कडेऐवजी उजव्या कडेवरून मोज. उजवीकडून प्लेटचा मध्य ६० वर आणि भोकाचा मध्य ३० वर. मोमेंट ५,७६,००० वजा ३७,७१०, म्हणजे ५,३८,२९०. त्याच्या रीतीने ९६०० ने भागले तर उजवीकडून ५६.०७, म्हणजे डावीकडून ६३.९३. एकाच प्लेटचा गुरुत्वमध्य डावीकडून मोजला तर ४८ वर आणि उजवीकडून मोजला तर ६४ वर असा कसा असेल? त्यातही दुसरे उत्तर तर भोकाकडे सरकलेले! आता तेच ५,३८,२९० हे ८३४३ ने भागले तर उजवीकडून ६४.५२ येते, म्हणजे डावीकडून पुन्हा ५५.४८. गुरुत्वमध्य हा प्लेटचा असतो, आपण टेप कुठून लावला त्याचा नसतो. दोन वेगवेगळ्या रेघांवरून काढून उत्तर तेच येत नसेल तर हिशेबात कुठेतरी चूक आहे. मुलगा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला आणि मग त्याने स्वतःहून प्लेटच्या मध्यातून जाणारी रेघ धरून तिसऱ्यांदा काढले.

ती तिसरी रेघ सर्वांत सोयीची निघाली. मध्यापासून मोजले तर अखंड प्लेटचे मोमेंट शून्यच असते. मग चकतीचे मोमेंट आणि उरलेल्या प्लेटचे मोमेंट एकमेकांना तोलतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. एका बाजूला १२५७, अंतर ३० सेंमी, आणि दुसऱ्या बाजूला ८३४३, अंतर आपल्याला हवे ते. १२५७ भागिले ८३४३ म्हणजे ०.१५०७. भोकाचा मध्य जितका दूर, त्याच्या ०.१५०७ पट गुरुत्वमध्य विरुद्ध बाजूला. लांबीत ३० सेंमीचे ४.५२, रुंदीत ८ सेंमीचे १.२१. गुणक दोन्हीकडे तोच आहे, म्हणून भोकाचा मध्य, प्लेटचा मध्य आणि नवा गुरुत्वमध्य हे तिन्ही एकाच सरळ रेषेत येतात. मी खडूने भोकाच्या मध्यावरून रोख धरून प्लेटच्या मध्यातून पलीकडे जाणारी रेघ मारली. या रेघेचे महत्त्व पुढे फार वाढणार होते, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आले नव्हते.

भाच्याचा प्रश्न वेगळाच होता आणि मला तो सर्वांत चांगला वाटला. "मामा, सव्वा मीटरच्या प्लेटमध्ये साडेचार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. एवढ्यासाठी एवढी कलते?"

कलण्याचा कोन प्लेटच्या लांबीवर ठरत नाही. टांगलेली वस्तू तिचा गुरुत्वमध्य टांगलेल्या बिंदूच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरते. इथे टांगलेला बिंदू म्हणजे कडीचे भोक, आणि ते प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून फक्त ६० मिमी वर होते. गुरुत्वमध्य बाजूला ४७ मिमी. म्हणजे उभी बाजू ६० आणि आडवी ४७ असा काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कोन ३८ अंश. हाच बिंदू ७०० मिमी वर असता, म्हणजे चार कोपऱ्यांच्या साखळ्या वर एका हुकात आणता आल्या असत्या, तर तेवढ्याच ४७ मिमीला कोन जेमतेम ४ अंश झाला असता. साखळ्यांनी उचलणाऱ्याला ही चूक कधी जाणवतच नाही. छप्पर खाली असल्यामुळे कडी बुटकी ठेवावी लागली आणि म्हणून ती उघडी पडली.

कडी कापून नव्या जागी लावण्याआधी मला प्रत्यक्ष प्लेटवर खात्री करून घ्यायची होती. कागदावरचा आकडा म्हणजे आपण मानलेल्या आकाराचा आकडा. गॅस कटरची फट दोनेक मिमीची असते, त्यामुळे भोक चकतीपेक्षा नेहमी थोडे मोठे असते. म्हणूनच चकतीवर टेप न लावता भोकावर लावावा. भोक ४०४ मिमीचे निघाले तर गुरुत्वमध्य आणखी मिमीभर सरकतो.

पडताळा असा घेतला. जुनी कडी ग्राइंडरने काढून टाकली. जमिनीवर अँगलचा एक तुकडा धार वर येईल असा पालथा ठेवला, दोन्ही टोकांना लाकडाच्या खुट्ट्या दिल्या आणि त्याच्यावर प्लेट ठेवली, अँगल प्लेटच्या रुंदीला समांतर. प्लेट साधारण ७९ किलोची, म्हणून दोघांनी धरली आणि खाली विटा ठेवल्या, म्हणजे कुठेही पडली तरी बोटभरच पडेल. मग ती मिमी मिमी सरकवली. धारेवर प्लेट स्थिर राहतच नाही, कारण गुरुत्वमध्य आधाराच्या वर असतो. एका जागी ती डावीकडे पडते, थोडी सरकवली की उजवीकडे. त्यामुळे तोल साधण्याची जागा शोधत बसायचे नसते. डावीकडे पडायची शेवटची खूण आणि उजवीकडे पडायची पहिली खूण करायची आणि त्यांचा मध्य घ्यायचा. आमच्या दोन खुणांत ५ मिमीचे अंतर होते आणि मध्य आला ५५.३ सेंमीवर. दुसऱ्या दिशेने ३८.७. आकडा बरोबर होता. नवी कडी ५५.५ आणि ३८.८ च्या खुणेवर टॅक मारून उचलून पाहिली. पाणसळीचा बुडबुडा थोडा एका बाजूला होता, पण प्लेट डोळ्यांना सपाट दिसत होती. कडी पक्की वेल्ड करून मी घरी आलो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. प्लेट पुन्हा कलते, आणि आता उलट्या बाजूला, भोकाकडे.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा मला माझ्याच हिशेबाची शंका आली. जाऊन पाहिले तर भोकाभोवती काठ उभा होता. पावसात झाकणावर साचलेले पाणी भोकातून माती घेऊन टाकीत जाऊ नये म्हणून भाच्याने ५० गुणिले १० ची फ्लॅट पट्टी वाकवून, तिचा गोल वेढा करून भोकाच्या कडेवर वेल्ड केली होती. इथला पाऊस बघता ती गरजेचीच होती. काठ घालायचा हे त्याच्या मनात पहिल्यापासून होते, मी विचारले नव्हते एवढेच.

या पट्टीचे वजन मीटरला ३.९ किलो भरते आणि वेढा सुमारे १.२९ मीटरचा, म्हणजे काठ ५ किलोच्या आसपास. गोल काठाचा गुरुत्वमध्य कुठे असतो? भोकाच्या मध्यावर, जिथे लोखंडच नाही तिथे. म्हणजे तो बरोबर चकतीच्या जागी बसतो. आता मात्र क्षेत्रफळ चालणार नाही, कारण काठ उभा आहे. इथे वजनावर यावे लागते. १२ मिमी प्लेट चौरस मीटरला ९४.२ किलो, म्हणून चकती ११.८ किलो आणि भोकाची प्लेट ७८.६ किलो. काठाने ११.८४ पैकी ५.०६ किलो जागेवर परत आणून ठेवले. तूट उरली ६.७८ किलोची, आणि एकूण वजन झाले ८३.७. गुणक ०.१५०७ वरून ०.०८१ वर आला. गुरुत्वमध्य मध्यापासून ४७ मिमीऐवजी आता २५ मिमीवरच होता. कडी मात्र ४७ वर. फरक २२ मिमी, भोकाच्या बाजूला. कडीची उंची तीच ६० मिमी, म्हणजे कलणे जवळजवळ २० अंश. डोळ्यांना दिसत होते तेवढेच.

मुलाने लगेच विचारले, की काठ बरोबर चकतीच्याच वजनाचा असता तर? मग तूट शून्य, गुरुत्वमध्य पुन्हा प्लेटच्या मधोमध, आणि भाच्याची पहिली कडी बरोबर ठरली असती. अर्थात ११.८ किलोचा काठ म्हणजे पट्टी सुमारे २.३ पट जड हवी होती. पण प्रश्न त्याने अगदी नेमका विचारला होता.

तिसऱ्यांदा कडी कापून लावायला भाचा तयार होता. पण पुढे पंपाचा पाइप झाकणालाच क्लॅम्प करायचा असेही त्याच्या बोलण्यात आले, म्हणजे भोकाच्या मध्यावर आणखी काही किलो. तेव्हा मला ती खडूची रेघ आठवली. चकती काढली, काठ घातला, पाइप लटकवला, हे सगळे वजन भोकाच्या मध्यावरच कमी किंवा जास्त होते. म्हणून गुरुत्वमध्य कितीही सरकला तरी तो भोकाचा मध्य आणि प्लेटचा मध्य जोडणाऱ्या त्या एकाच रेघेवर सरकतो, तिच्याबाहेर जात नाही. पाइपचे वजन भोकाच्या मध्यावरून न जाता बाजूला लोंबत असेल तर हे खरे राहणार नाही, म्हणून क्लॅम्पही मध्यावरच घ्यायचे ठरवले.

मग एका कडीऐवजी त्या रेघेवर उभी जाड पट्टी वेल्ड केली आणि तिच्यात ओळीने १२ मिमीची तीन भोके पाडली: मध्यापासून ४७ मिमीवर नुसत्या प्लेटचे, २५ वर काठासह आणि ३ वर पाइप लावल्यानंतरचे, अंदाजाने. शॅकल हव्या त्या भोकात घालायचा. दोन भोकांमध्ये १० मिमी लोखंड उरते, त्यापेक्षा जवळ पाडू नयेत. छपराखाली जेवढी जागा सापडली तेवढी पट्टीची उंचीही वाढवून भोके ९० मिमीवर घेतली. कारण ६० मिमीच्या कडीत २ मिमीची चूक झाली तरी १२० सेंमीच्या प्लेटच्या दोन टोकांत ४० मिमीचा उंचसखलपणा येतो. ९० मिमीला तोच २७ वर येतो. पट्टीचे स्वतःचे वजन किलोभर आहे आणि ते गुरुत्वमध्याच्या जवळच असल्यामुळे त्याने जे सरकते ते मिमीच्या दहाव्या हिश्शाइतके. ते सोडून दिले.

शॅकल मधल्या भोकात घालून झाकण उचलले. पाणसळ लांबीत ठेवली, मग रुंदीत. बुडबुडा दोन्हीकडे रेघांच्या आत होता. चेन सोडत सोडत प्लेट अँगलच्या चौकटीत उतरली आणि चारही कडा एकदमच टेकल्या.

पुढच्या सोमवारी वर्गात नेहमीचे उदाहरण घ्यायचे होते: गोल तबकडीतून निम्म्या त्रिज्येचे भोक, भोकाचा मध्य तबकडीच्या मध्यापासून निम्म्या त्रिज्येवर. उत्तर त्रिज्येचा सहावा भाग, भोकाच्या विरुद्ध बाजूला. या वेळी मी पुठ्ठ्याची तबकडी कापली आणि चकती फेकून न देता टेबलावर ठेवली. मग मुलांना सांगितले, की आधी तबकडीच्या डाव्या कडेवरून मोजा, मग उजव्या.